चार हप्त्यांचं फ्रेंच पत्र

पहिलं पत्र तीन ओळींचं होतं. सध्या आमची जरा अडचण आहे, पैसे थोडे उशिरा येतील, समजून घ्यावं, आभार. पाठवणारं होतं फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या नांत शहराजवळचं एक सुतारकामाचं वर्कशॉप. चार कामगार, खिडक्या-दारं आणि लाकडी जिने बनवणारं. पत्र वाचलं मी, पुण्यात खराडीच्या एका इमारतीत.

हे जरा सांगायला हवं. पुण्यात फ्रेंच शिकलेल्या कित्येक मुलामुलींची नोकरी अशीच असते. फ्रान्समधल्या कंपन्यांचे हिशेब, बिलं, वसुली यातलं बरंचसं काम इथल्या सेवा केंद्रांतून चालतं. मी काही वर्षं वसुलीकडे होते. आमचा पक्षकार लाकूड आणि प्लायवूडचा पुरवठादार. कोणाचं बिल थकलं की त्याला आठवणीचं पत्र पाठवायचं, ज्याला फ्रेंचमध्ये 'रलांस' म्हणतात, आणि त्याचं उत्तर आलं की ते वाचून खात्यावर नोंद करायची. त्यामुळे हप्ते मागणारी पत्रं मी लिहिली थोडी आणि वाचली शेकड्यांनी. नांतच्या वर्कशॉपचं प्रकरण त्यातलंच एक. आकडे आणि ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत.

त्या तीन ओळींच्या पत्राचं मी काय केलं? काहीच करता आलं नाही. माझ्या समोरच्या पडद्यावर 'ग्राहकाने दिलेला शब्द' नोंदवायला दोनच चौकटी होत्या : रक्कम आणि तारीख. पत्रात दोन्ही नव्हतं. चौकटी रिकाम्या राहिल्या की खातं आपोआप पुढच्या पायरीवर सरकतं. दुसरी आठवण, मग तिसरी, आणि मग 'मीझ आं दमर' म्हणजे रीतसर नोटीस. त्या पत्रातला विनय खरा होता, पण तो कुठे भरायचा याला पडद्यावर जागा नव्हती.

त्यात एक शब्दही चुकलेला होता, आणि तो शब्द फ्रेंच शिकणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येकाचा चुकतो. फ्रेंचमध्ये 'देले' आणि 'रतार' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'देले' म्हणजे मुदत, 'रतार' म्हणजे उशीर. मराठीतही आपण मुदत आणि उशीर कधी एक मानत नाही. मुदत मागतात, उशीर करतात. पण आपण फ्रेंच शिकतो ते इंग्रजीच्या खांद्यावर बसून, आणि इंग्रजीतला 'डिले' हा 'देले'सारखा दिसतो. मग मुलं उशिराबद्दल माफी मागताना 'देले' लिहितात आणि फ्रेंच माणूस गोंधळतो. नांतच्या पत्रातली गडबड उलटी होती. लिहिणारी बाई फ्रेंचच, तिला शब्द कळत होते, पण घाईत तिने 'रतार' लिहिलं. पैसे द्यायची तारीख होती ३१ मे. पत्र आलं २० मेला. उशीर अजून झालाच नव्हता. मुदत मागायला तिच्या हातात अकरा दिवस होते आणि तिने आधीच उशीर कबूल करून टाकला होता.

या अकरा दिवसांची किंमत कळायला फ्रान्सचा कायदा थोडा बघावा लागतो. तिथे दोन व्यावसायिकांमध्ये उधारी किती दिवसांची असावी हे सरकारने बांधून दिलं आहे. काहीच ठरलं नसेल तर माल मिळाल्यापासून ३० दिवस. करारात वाढवून घेतलं तरी बिलाच्या तारखेपासून जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा '४५ दिवस आणि महिनाअखेर'. २००८ च्या एका कायद्याने हे घट्ट केलं, कारण मोठ्या कंपन्या लहान पुरवठादारांचे पैसे महिनोन्महिने वापरत बसायच्या. वर्कशॉपची दोन बिलं होती, १० एप्रिल आणि १४ एप्रिलची. त्यात ४५ दिवस मिळवले की २५ आणि २९ मे येतात, आणि मग महिनाअखेर म्हणून दोन्हीची तारीख एकच, ३१ मे.

ही तारीख उलटली की दंडव्याज सुरू होतं, त्यासाठी आठवणीचं पत्रही लागत नाही. दर करारात वेगळा लिहिला नसेल तर युरोपीय मध्यवर्ती बँकेचा मुख्य दर आणि वर दहा टक्के, म्हणजे गेल्या काही वर्षांत वर्षाला सतत बारा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. शिवाय दर बिलामागे वसुलीच्या खर्चाचे ठरीव ४० युरो. बहुतेक पुरवठादार हे पैसे खरोखर मागत नाहीत, पण बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत ते छापलेलं असतं, आणि नातं बिघडलं की बारीक अक्षरं मोठी होतात.

दोन दिवसांनी फोन आला. मालकाची बायको. फ्रान्समध्ये लहान वर्कशॉपचे हिशेब बरेचदा मालकाची बायकोच बघते, आणि कायद्यात अशा जोडीदारासाठी वेगळा दर्जाही आहे. ती मला 'मादाम' म्हणत होती, मी तिला 'मादाम' म्हणत होते, दोघीही एकमेकींना 'व्हू' करून बोलत होतो. आवाज रडवेला नव्हता, चिडका होता. "तुम्हाला माझं पत्र मिळालं ना? मग पुन्हा आठवण कशाला पाठवलीत?" मी पुरवठादाराच्या बाजूची, तिला सल्ला देणं माझं काम नव्हतं. एवढंच म्हटलं, "मादाम, मला किती आणि केव्हा हे लिहून द्या. आणि का, तेही. मग मी ते वर पाठवू शकते."

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे एशेआंसिए."

हाच तो शब्द. 'एशेआंस' म्हणजे पैसे देण्याची तारीख, आपल्या जुन्या व्यापारी भाषेत वायदा. आणि अशा तारखांची, रकमांची मांडलेली यादी म्हणजे 'एशेआंसिए', हप्त्यांचं वेळापत्रक. आपल्याकडे 'वायदा' शब्दाला पोकळपणाचा वास आहे, नुसते वायदे करतो म्हणतात. फ्रेंच 'एशेआंस'ला तसा वास नाही. तो कॅलेंडरवरचा दिवस आहे, बस.

तिची अडचण काय होती ते तिने फोनवरच सांगितलं. अठरा फ्लॅटच्या एका इमारतीच्या खिडक्यांचं काम त्यांनी घेतलं होतं. लाकूड घेऊन झालं, खिडक्या तयार होऊन वर्कशॉपमध्ये उभ्या होत्या. पण प्लास्टरवाल्याचं काम रखडलं, त्यामुळे खिडक्या बसवता येईनात, आणि बसवल्याशिवाय बिल्डरला बिल लावता येईना. ते १४ हजार युरो जूनमध्ये यायचे होते, आता सप्टेंबरच्या मध्यावर येणार होते. बाकीची किरकोळ कामं चालू होती, पगार निघत होते. पुरवठादाराचे एकूण १२,६०० युरो तेवढे एका दिवशी निघत नव्हते.

याला म्हणतात तात्पुरती अडचण. तिचा अर्थ पैसा कमी आहे असा नाही. पैसा आहे, पण तो येण्याचा दिवस आणि द्यायचा दिवस यांच्यात भगदाड पडलं आहे. फ्रेंचमधली ठरलेली शब्दरचना आहे 'दिफिक्युल्ते पासाजेर द त्रेझोररी'. 'त्रेझोररी' म्हणजे हातातली रोकड, शब्द खजिन्यावरून आला आहे. 'पासाजेर' म्हणजे येऊन जाणारी. हे विशेषण सभ्यतेपुरतं नाही, आणि ते का, ते पुढे येईलच.

दुसरं पत्र दोन दिवसांनी आलं. मधल्या वेळात तिने काय केलं ते तिने नंतर मला सांगितलं. आधी सरळ भागाकार केला होता : १२,६०० भागिले चार, दर महिनाअखेरीला ३,१५० युरो, मे ते ऑगस्ट. कागदावर देखणं. मग तिने आठवड्यांची वही उघडली. कोणत्या आठवड्यात कोणाकडून किती येणार, पगार केव्हा, १५ तारखेला सामाजिक सुरक्षेचा भरणा किती. आणि ऑगस्टच्या पानावर अडली. ऑगस्टमध्ये फ्रान्सचं बांधकाम जवळजवळ झोपतं. वर्कशॉप तीन आठवडे बंद, बिलं नाहीत, जमा नाही. ३१ ऑगस्टचा हप्ता हुकणार हे तिला त्याच रात्री दिसलं. म्हणून तिने तो काढून टाकला. अंतिम मांडणी अशी झाली : ३१ मेला २,६००, ३० जूनला २,५००, ३१ जुलैला २,५००, ऑगस्ट कोरा, आणि ३० सप्टेंबरला उरलेले ५,०००.

वसुलीच्या खुर्चीतून सांगते, असं वाकडं वेळापत्रक सरळ वेळापत्रकापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतं. समान हप्ते पाहिले की माणसाने नुसता भागाकार केला आहे हे कळतं. एक महिना रिकामा आणि शेवटचा हप्ता दुप्पट दिसला की याने वही उघडली आहे हे कळतं. फक्त तो मोठा शेवटचा हप्ता कुठून येणार हे सांगावं लागतं. तिने बिल्डरबरोबरच्या कराराची प्रत आणि कामाची नवी तारीख कळवणारं त्याचं पत्र सोबत जोडलं होतं. आणखी एक गोष्ट तिने केली. पहिला हप्ता मूळ तारखेलाच ठेवला. म्हणजे ३१ मे उजाडला तेव्हा खात्यावर शून्य नव्हतं.

आता पत्राची भाषा. वरच्या बाजूला 'ऑब्जे' म्हणजे विषय : दोन बिलांच्या रकमेसाठी हप्त्यांची विनंती, दोन्ही बिलांचे क्रमांक, ग्राहक क्रमांक. फ्रेंच कार्यालयात पत्र आधी विषयावरून वाटलं जातं, मजकूर नंतर वाचतात. मायना 'मादाम, मस्य'. त्यापुढे 'प्रिय' वगैरे काही नाही. प्रिय लावलं की ओळख दाखवल्यासारखं होतं.

पहिल्या परिच्छेदात तिने कर्ज मान्य केलं : इतक्या तारखेची ही दोन बिलं, एकूण इतके, ३१ मे रोजी देय. यात एक धोका आहे. असं लेखी मान्य केलं की ते तुमच्याविरुद्ध पुरावा होतं, आणि वसुलीच्या मुदतीची मोजणीही पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून मालात खोट असेल, चार फळ्या वाकड्या आल्या असतील, तर तो वाद आधी मिटवायचा आणि मगच हप्ते मागायचे. हप्त्यांचं पत्र पाठवल्यावर तक्रार काढली तर ती पैसे टाळायची युक्ती दिसते. नांतच्या बाईची तक्रार नव्हती, तिने सरळ मान्य केलं.

दुसऱ्या परिच्छेदात कारण, तीन वाक्यांत. रडगाणं नाही. आपल्याकडे पत्राच्या शेवटी 'आपला कृपाभिलाषी' लिहायची रीत होती, आणि विनंती म्हटली की आपली भाषा हात जोडते. फ्रेंच पत्र वाकतं, पण क्रियापदातून वाकतं. 'मला हवं' न लिहिता 'नू सोलिसितों', म्हणजे 'आम्ही विनंती करतो'. 'करा' न लिहिता 'बिअं व्हुलुआर', म्हणजे 'करण्याची कृपा करावी'. आणि सगळ्यात नाजूक वाक्य, 'नू व्हू सोरियों ग्रे', आम्ही आपले ऋणी राहू. यात क्रियापद 'जाणणे' या अर्थाचं आहे, 'असणे' नाही. 'सोरियों'च्या जागी 'सरियों' लिहिणारे फ्रेंच लोकही ढिगाने भेटतात. चुकलं म्हणून हप्ता नाकारत नाही कोणी, पण बरोबर लिहिलेलं डोळ्यात भरतं.

मग तिसरा परिच्छेद, आणि त्यात एक छोटा शब्दसमूह ज्यावर माझ्या वरिष्ठांनी पेन्सिलने रेघ मारली : 'आ तित्र एक्सेप्स्योनेल', अपवाद म्हणून. उधारीच्या दिवसांना कायद्याची कमाल मर्यादा आहे हे वर आलंच. 'यापुढे आम्हाला १२० दिवसांची उधारी द्या' असं मागितलं तर पुरवठादाराला ते देता येत नाही. 'या दोन बिलांपुरतं, या एका वेळेपुरतं' म्हटलं की त्याला विचार करता येतो. त्यानंतर चार तारखा आणि चार रकमा, एकाखाली एक. रकमांत आपल्याकडच्या माणसाने जपावं. आपण १२,६०० लिहितो. फ्रेंचमध्ये स्वल्पविराम दशांशाचा असतो आणि हजारांसाठी मोकळी जागा सोडतात. आपला आकडा त्यांना बारा युरो साठ सेंटच्या जवळचा काहीतरी दिसतो. त्यांचा हवा तसा : १२ ६००,००. आमच्या विभागात एका नव्या मुलाने ग्राहकाला असं आपल्या पद्धतीचं पत्र पाठवलं होतं, आणि त्या ग्राहकाने खरंच बारा युरो साठ सेंट भरून पावती मागितली.

शेवटी तिने लेखी उत्तर मागितलं. नुसतं 'उत्तराच्या प्रतीक्षेत' नाही, तर 'आपली संमती लेखी कळवावी'. आणि समारोपाचं ते लांब ठरीव वाक्य, विशिष्ट अभिवादनाचा स्वीकार करावा वगैरे. पत्र ईमेलने आणि पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टानेही आलं.

लेखी संमतीचा एवढा आग्रह कशासाठी? इथे 'पासाजेर'चा खरा अर्थ लागतो. फ्रान्सच्या व्यापारी कायद्यात 'सेसास्यों दे पेमां' नावाची अवस्था आहे. हाताशी असलेल्या पैशातून, आज देणं भाग असलेली देणी भागत नसतील, तर तुम्ही त्या अवस्थेत आहात, आणि ४५ दिवसांच्या आत व्यापारी न्यायालयाला कळवणं मालकावर बंधनकारक आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की धनकोंनी दिलेल्या मुदतीमुळे देणं भागत असेल, तर तुम्ही त्या अवस्थेत नाही. म्हणजे पुरवठादाराचं 'हो' लेखी असेल तर ते १० हजार युरो आज देणं भाग असलेल्या रकमेत धरले जात नाहीत. तोंडी 'हो' असेल तर सिद्ध कसं करणार? म्हणूनच पत्रात 'आम्ही आता पैसे देऊ शकत नाही' असं वाक्य लिहू नये. ते वाक्य न्यायालयात वेगळ्याच गोष्टीचा पुरावा होतं.

उलट बाजूही खरी आहे. पगार थकले आहेत, सामाजिक सुरक्षेचा भरणा थकला आहे, तिघा-चौघा पुरवठादारांना एकाच आठवड्यात अशी पत्रं जात आहेत, तर ही येऊन जाणारी अडचण नव्हे. तिथे हप्त्यांचं पत्र फक्त दिवस खातं. वसुलीत हे ओळखायची साधी खूण होती : कारणात एका कामाचं, एका ग्राहकाचं नाव आणि तारीख आहे की नुसतं 'बाजार मंद आहे'. अशांसाठी फ्रान्समध्ये वेगळ्या वाटा आहेत. न्यायालयाने नेमलेल्या मध्यस्थाची गोपनीय बोलणी आहेत, अर्थमंत्रालयाचा विनाशुल्क 'मेदियातर दे आंत्रप्रीझ' आहे, आणि धनको अडून बसला तर न्यायाधीश दोन वर्षांपर्यंत हप्ते बांधून देऊ शकतो. पण तो वेगळा विषय.

पुरवठादाराचं उत्तर तीन दिवसांत गेलं, मसुदा मीच केला. होकार, पण अटींसह. एक, हप्त्यांच्या काळात नवीन माल रोखीने. दोन, वेळापत्रक पाळलं तर दंडव्याज आणि ४० युरो माफ. मी हिशेब केला होता : वर्षाला बारा टक्क्यांनी चार महिन्यांचं व्याज २७५ युरो आणि दोन बिलांचे ८० युरो. तीन, 'देशेआंस द्यु तेर्म', म्हणजे एक हप्ता चुकला की मुदत संपली आणि उरलेली सगळी रक्कम त्या दिवशी देय. चौथी गोष्ट पत्रात नव्हती. पुरवठादाराने आपल्या उधारीचा विमा उतरवलेला होता, आणि अशा विम्यात थकबाकी विमा कंपनीला कळवावी लागते. कळवली की ती त्या ग्राहकाची मर्यादा कमी करू शकते, आणि तोच विमा दुसऱ्या पुरवठादारांकडेही असेल तर त्यांच्याकडेही. वर्कशॉपने तारखेआधी लिहिलं नसतं तर हे सगळं त्याच्या नकळत सुरू झालं असतं.

मे आणि जूनचे हप्ते आले. ३ ऑगस्टला पडद्यावर लाल खूण : जुलैचा हप्ता आला नाही. खातं तिसऱ्या अटीकडे सरकत होतं. वर्कशॉपला फोन केला तर सुट्टीचा संदेश. ईमेलचं उत्तर ब्रिटनीच्या किनाऱ्यावरून आलं, बँकेच्या पावतीच्या फोटोसह. पैसे ३१ जुलैलाच निघाले होते. बँकेच्या 'संदर्भ' या ओळीत तिने बिल क्रमांकाऐवजी 'जुलै' लिहिलं होतं, आणि २,५०० युरो आमच्याकडे कोणाचेच नसलेल्या जमेत पडून होते. अर्ध्या दिवसात सापडले, खूण पुसली.

३० सप्टेंबरला ५,००० आले. संदर्भाच्या ओळीत दोन्ही बिलांचे क्रमांक होते, आणि त्यापुढे दोन शब्द : 'पुर सोल्द'. म्हणजे, बाकी शून्य.